काटा सापडला, तरी बघा

मुरुममधली माणसं शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, तंबाखूची डबी ठेवतात, कुणी चष्मा ठेवतं. सिद्रामप्पाच्या खिशात मात्र टायरची हवा मोजायचं मीटर असायचं. पितळेचं, बोटभर लांब, वरून घासून घासून पिवळंजर्द झालेलं. आंघोळीला जाताना तेवढं बाहेर निघायचं, आणि तेही देवळीत विभूतीच्या डबीशेजारी जाऊन बसायचं. शरणम्मा, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "माझं बीपी तपासायला दवाखान्यात जावं लागतंय आणि गल्लीतल्या मोटारसायकलींचं घरबसल्या होतंय."

खोटं नव्हतं ते. घरी पाहुणा आला, की तो आत चहा पीत असायचा आणि सिद्रामप्पा बाहेर त्याच्या गाडीपाशी उकिडवा बसलेला. पाहुणा निघाला की हा उंबऱ्यावरच सांगायचा, "मागच्या चाकात हवा कमी हाय पाव्हणं, एवढं ओझं झेपायचं न्हाय. कोहळा इथंच ठेवा, निम्मी वांगी पण ठेवा. सासूबाईला म्हणावं पुढच्या खेपेला." कोहळा मग शरणम्माच्या घरातच शिजायचा. चाकात खरंच हवा कमी होती का कोहळा चांगला होता, हे कुणी विचारायला गेलं नाही.

उभं आयुष्य माणसानं ट्रक हाकला. इथली तूर हैदराबादेत, तिथला माल सोलापुरात. गुडघे बोलायला लागले तसा ट्रक सोडला आणि अमरनाथच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर झाला. अमरनाथ नात्यानं भाचा लागायचा, वयानं पोरगा, आणि स्कूलचा मालक. स्कूल म्हणजे तरी काय, बाजारतळाजवळची एक खोली आणि एक पांढरी गाडी. गाडीच्या डोक्यावर लाल अक्षरात 'शिकाऊ', आणि मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक, वेगळा क्लच. शिकणारा चुकला तर मास्तरनं वाचवायचं, असा सगळा बेत.

पण सिद्रामप्पाला वाचवायची वेळच येऊ द्यायची नव्हती. त्यामुळं त्याचं एक भाषण ठरलेलं. नवीन बॅच आली, की पहिल्या सकाळी कुणाला स्टेअरिंगला हात लावू द्यायचा नाही. सगळ्यांना गाडीभोवती उभं करायचं आणि चाकावर बोलायचं. पुढं मग रोज, शिकवणी सुरू व्हायच्या आधी, पाच मिनिटं प्रत्येकानं चाकं बघायची.

भाषणाला कुणी नाही म्हणत नव्हतं. ऐकतही कुणी नव्हतं. माणसं स्टेअरिंग शिकायला आलेली. त्यांचे डोळे काचेतून आत. सिद्रामप्पा इकडं रबराचं सांगतोय आणि तिकडं एकजण मनातल्या मनात तुळजापूरच्या घाटातून गाडी काढतोय. हे बघून बघून त्यानं एक खोडी काढली. रोज सकाळी सगळे यायच्या आधी तो गाडीच्या चाकात काहीतरी लपवून ठेवायचा. बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक टायरच्या खाचेत खोचायचं. नाहीतर एका व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात टाकायची. नाहीतर खाचेत खडा दाबून बसवायचा. धोक्याचं काही नाही, पण नजर लावली तर सापडावं असं. ज्याला पहिल्यांदा सापडलं, तो पहिला गाडी चालवणार आणि सगळ्यात जास्त चालवणार. ज्याला नाही सापडलं, तो मागच्या सीटवर बसून दुसऱ्याची टाळू बघणार.

खोडी अशी काही लागू पडली की विचारू नका. माणसं पहाटेचा चहा अर्धा टाकून यायला लागली. चांगली जाणती, मिशा पिकलेली माणसं चाकाला नाक लावून बसायची. काटा सापडला की पेढा मिळाल्यासारखं "सापडला" म्हणून ओरडायची. सिद्रामप्पा मिशीत हसायचा. त्याला वाटायचं, आपण माणसांना चाक बघायला शिकवलं.

अमरनाथला काही तसं वाटत नव्हतं. गावात दुसरं स्कूल निघालं होतं, तिथं पहिल्याच दिवशी स्टेअरिंग हातात देत होते.

"मामा," एका संध्याकाळी तो म्हणाला, "लोकं कुरकुर करतात. अर्ध्या तासाची शिकवणी, त्यातली पाच मिनिटं चाकाभोवती प्रदक्षिणा घालण्यात जातात म्हणतात."

"मारुतीला घालतात तवा कुरकुर न्हाय करत."

"मारुती लायसन देत न्हाय मामा. ऐका माझं. ही बॅच बघू. ह्या बॅचमधल्या एकानं जरी आपणहून सांगितलं, की ह्या पाच मिनिटांनी माझं भलं झालं, तर ठेवू तुमचं भाषण. न्हायतर एक व्हिडिओ करू, मोबाईलवर पाठवून देऊ. ज्याला बघायचं तो बघंल."

"आणि म्या काय करू?"

"तुम्ही व्हिडिओत या की. मीटर घेऊन."

सिद्रामप्पाला हे लागलं. मोबाईलमधल्या माणसाला कोण घाबरतंय, बोटानं सरकवला की गेला. घरी येऊन जेवताना त्यानं शरणम्माला सांगितलं. ती म्हणाली, "एक माणूस चांगलं म्हणायला पायजे ना? मग त्याला काटा कुठं हाय ते आदल्या दिवशी सांगून ठेवा."

सिद्रामप्पानं घासभर विचार केला, आणि नको म्हणाला. पण घासभर केला.

तर त्या बॅचला तिघं आले. युवराज, कॉलेज संपवून बसलेला, चुणचुणीत, डोळे ससाण्याचे. आरोही, परंड्याहून इथल्या बँकेत नोकरीला आलेली, हातात कायम मोबाईल. आणि तिसरी शिवकांता. तिला सगळं गाव भाकरीवाली अक्का म्हणायचं. ज्वारीच्या कडक भाकरी करून विकायची, पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. उमरग्याच्या दुकानांत तिच्या भाकरी जायच्या. नवरा राजशेखर टेम्पोनं त्या पोचवायचा, पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तो ऑपरेशनला भीत होता. टेम्पो दारात उभा, भाकरी डब्यात पडून. शेवटी अक्का म्हणाली, मीच शिकते. राजशेखर हसला होता. त्या हसण्यावरच ती आली होती, असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्या सकाळी सिद्रामप्पानं तिघांना गाडीभोवती उभं केलं आणि घसा साफ केला.

"हे बघा," तो म्हणाला, "गाडी कशावर चालती?"

"पेट्रोलवर," युवराज म्हणाला.

"चाकावर. गाडी जमिनीला कुठं टेकती? चार जागी. एकेका जागी तुमच्या तळहाताएवढं रबर. तेवढ्या चार तळहातांवर तुमी, तुमची बायकापोरं, डब्यातली खीर, सगळं. म्हणून पाच मिनिटं द्यायची. गाडी थंड असतानाच द्यायची. पळून आली की टायर तापतंय, आतली हवा फुगती, मीटर जास्त दाखवतंय, आणि आपण उगाच हवा कमी करून बसतो."

त्यानं ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरची चिठ्ठी दाखवली. "किती हवा पायजे ते गाडीच सांगती. माझं ऐकू नका, शेजाऱ्याचं ऐकू नका, हिचं ऐका. आता मीटर लावायचं. आकडा बघायचा. व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट ठेवायचं. बुडबुडा आला तर तिथनं हवा जाती."

"शी," आरोही म्हणाली.

"साबणाचं पाणी आणा मग घरनं. त्यानंतर टोपी घट्ट. मग खाचा बघायच्या. खाचेच्या आत आडवी रबराची गाठ असती. वरचं रबर झिजून त्या गाठीच्या बरोबरीला आलं की टायर संपलं समजा, पावसात ते थांबायचं न्हाय. काटा, खिळा, काच बघायची. खिळा दिसला तर उपटायचा न्हाय, तसंच पंक्चरवाल्याकडं न्यायचं. उपटला की तुमच्यासमोर फुस्स. मग टायरचा गाल बघायचा. बाहेरचा बघायचा, आणि आतला पण. चीर पडली का, कुठं फुगवटा आलाय का. फुगवटा आला म्हणजे आतले धागे तुटले. ते टायर कधी जाईल सांगता येत न्हाय. नट बघायचे. आणि टायरचा जो भाग जमिनीवर टेकलाय तो दिसत न्हाय, म्हणून गाडी हातभर पुढं ढकलायची, उरलेलं बघायचं. शेवटी डिकीतली स्टेपनी. तिच्यात पण हवा पायजे. झालं. पाच मिनिटं."

"लई हाय हो," शिवकांता म्हणाली.

"अक्का, भाकरीला किती येळ लागतो?"

"थापायला का भाजायला?"

सिद्रामप्पानं तो विषय तिथंच सोडला आणि आपला काट्याचा खेळ समजावून सांगितला. युवराजचे डोळे चमकले. आरोहीनं मोबाईल पर्समध्ये टाकला. शिवकांतानं विचारलं, "तुमी लपवलेलं न्हाय असं कायतरी सापडलं तर?"

सिद्रामप्पा हसला. रोज आपल्या हाताखालून जाणारी गाडी, तिच्यात आपल्याला ठाऊक नसलेलं काय असणार? म्हणाला, "तर पुढच्या बॅचचं भाषण तुमी करा अक्का. म्या खाली मांडी घालून ऐकतो."

"मांडी घालता येती का तुमाला? गुडघ्याचं बघा आधी."

खेळ सुरू झाला. युवराज बघताबघता तरबेज झाला. त्याला काटा शोधायलाच नको, सिद्रामप्पाचा स्वभाव कळला होता: काल पुढच्या चाकात होता म्हणजे आज मागं, काल उजवीकडं म्हणजे आज डावीकडं. सरळ जायचा, वाकायचा, "सापडला" म्हणायचा, आणि ड्रायव्हरच्या सीटवर. सापडला की बाकीचे पण उठायचे. सापडल्यावर कशाला बसायचं?

शिवकांताला मात्र एकदाही सापडला नाही. ती आपली पहिल्या चाकापासून सुरू करायची. मीटर लावायची, आकडा मोठ्यानं वाचायची, थुंकीचं बोट लावायची, खाचेतून नजर फिरवायची, मग गालावर. तिचं पहिलं चाक संपायच्या आत युवराज गाडी चालू करून बसलेला. मग बिचारी पदर खोचून मागच्या सीटवर. तिचा नंबर शेवटचा, आणि तोही शिकवणी संपत आल्यावर. बाजारतळाला एक चक्कर, की उतरा.

"अक्का, जरा नजर तेज करा," सिद्रामप्पा चिडवायचा. "युवराजकडं बघा."

"त्याच्याकडं बघू का चाकाकडं?"

"काटा शोधा काटा."

"म्या काटा शोधतच न्हाय. तुमी सांगितलं तसं चाक बघती. ते आधी संपंल, मग काटा."

लायसनची परीक्षा जवळ आली तरी अक्काच्या हाताला स्टेअरिंगची सवय लागेना. घरी राजशेखर विचारायचा, "आज किती चालवलीस?" ती म्हणायची, "आज चार चाकं बघितली." तो पुन्हा हसायचा. ती मग त्याच्या ताटात भाकर जरा जोरात टाकायची.

आणि सिद्रामप्पाची अडचण अशी, की बॅच सरत आली तरी चांगलं म्हणणारा एक माणूस तयार होईना. युवराजला विचारलं तर म्हणाला, "मस्त खेळ आहे काका." खेळ म्हणाला, भलं झालं नाही म्हणाला. आरोही म्हणाली, "ड्रेस खराब होतो."

एका रविवारी अमरनाथ गाडी घेऊन जिल्ह्यातल्याच वाशीला लग्नाला गेला. रात्री परत आणून लावली. सोमवारी सकाळी सिद्रामप्पाला जरा उशीर झाला होता. त्यानं घाईघाईत गाडीपाशी येऊन पुढच्या उजव्या चाकात काट्याचं टोक खोचलं, हात झटकले आणि उभा राहिला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हा खेळ सुरू व्हायच्या आधी सिद्रामप्पा स्वतः रोज चारी चाकं बघायचा, ट्रकवर असल्यापासूनची सवय. खेळ सुरू झाल्यावर ती कधी सुटली त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. चाकात काय आहे हे त्याला ठाऊक असायचं, कारण त्यानंच ते ठेवलेलं. मग बघायचं काय? खिशातलं मीटर तसंच खिशात, पाहुण्यांच्या गाड्यांपुरतं.

तिघं आले. युवराजनं शनिवारी कुठं होता ते आठवलं, पुढच्या उजव्या चाकाकडं गेला आणि गुडघाही न टेकता म्हणाला, "सापडला."

"शाब्बास," सिद्रामप्पा म्हणाला. "चला, आज येणेगूर रोडला. मोठा रस्ता. शेवटी अक्काला पण देऊ, परीक्षा आली."

युवराज बसला, आरोही मागं बसली, सिद्रामप्पा त्याच्या ब्रेकपाशी बसला. शिवकांता मागच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसलेली, उठायचं नाव नाही. त्या दिवशी तिनं मागून सुरुवात केली होती. घरनं येताना ठरवूनच आली होती, की रोज पुढनं सुरू करती तर मागची चाकं कधी बघून होत न्हाईत.

"अक्का, सापडला काटा. बसा."

"तुमचा सापडला. माझं बघायचं झालं न्हाय."

"हवा कमी हाय का?"

"चिठ्ठीवर हाय तेवढीच हाय. हवेचं काय न्हाय. गाडी हातभर पुढं घ्यायची ऱ्हायली. युवराज, तो ब्रेक सोड आणि न्यूट्रल कर. उतरा सगळे, ढकला."

"अहो काकू," युवराज म्हणाला, "काटा सापडला ना."

"म्हणून तू बसून ऱ्हा. तुझ्यासकट ढकलती, पोतं समजून."

ती खरंच ढकलायला लागली. लाजेनं आरोही उतरली, मग युवराज उतरला, मग नाइलाजानं सिद्रामप्पा. गाडी हातभर पुढं सरकली. युवराजनं हॅन्डब्रेक ओढला. शिवकांता पुन्हा खाली बसली, आणि ह्या खेपेला तिनं मान वाकडी करून चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला. तळहात गालावरून सावकाश फिरवला, पीठ मळून झाल्यावर परातीची कड पुसतात तसा.

हात एका जागी थांबला. मागं आला. पुन्हा तिथंच गेला.

"अप्पा," ती म्हणाली, "इथं भाकर फुगलीय."

"कुठं?"

"आतनं. सगळीकडं सपाट आणि इथंच टम्म."

सिद्रामप्पाला आधी वाटलं, बाई पैज जिंकायला बघतेय. पण तिच्या तोंडावर पैज नव्हती. तो गुडघे धरत खाली बसला. आरोहीनं मोबाईलचा उजेड पाडला. आतल्या गालावर, इतका वेळ जमिनीलगत दडून राहिलेला, मोठ्या लिंबाएवढा फुगवटा. वरचं रबर ताणून चकचकीत झालेलं. बाहेरून बघाल तर टायर नव्या नवरीसारखं देखणं.

सिद्रामप्पाला येणेगूर रोड आठवला. ह्याच टायरवर आपण आता मोठ्या रस्त्याला निघालो होतो. तो ट्रकवर होता तेव्हा असा एक फुगवटा त्यानं झहीराबादच्या पुढं फुटताना ऐकला होता, आणि तूर वेचायला आख्खा दिवस गेला होता. ट्रक उलटला नाही एवढंच नशीब.

ह्या भीतीच्या मागोमाग दुसरी आली, जरा लहान, पण लई टोचणारी. अमरनाथ. आता तो येणार आणि म्हणणार, मामा, तुमच्या पाच मिनिटांनी तुमच्याच गाडीचं चाक बघितलं न्हाय, आणि तुम्ही जगाला शिकवता. आणि ती मांडी घालायची पैज. सिद्रामप्पाच्या जिभेवर एक सोपं वाक्य आलं आणि तो ते बोलूनही गेला.

"शाब्बास अक्का. सापडलं की. आज म्या दोन लपवली होती."

कोपऱ्यावरचं कुत्रंसुद्धा अंग खाजवायचं थांबलं.

"फुगा कसा लपवला हो अप्पा?" शिवकांतानं अगदी साळसूदपणे विचारलं. "तोंडानं फुंकला?"

युवराज तोंडावर हात ठेवून पाठमोरा झाला. आरोहीला ठसका लागला. सिद्रामप्पानं थोडा वेळ तोंड कडक ठेवायचं बघितलं, पण मिशी ऐकेना. हसू आलंच.

"न्हाय अक्का," तो म्हणाला. "ह्यो माझा न्हाय. आणि म्या आज बघितलं पण न्हाय. खरं सांगू का, लई दिवसांत बघितलं न्हाय. काटा खोचायचा आणि मोकळं व्हायचं."

"आणि आमाला काटा सापडला की आमी मोकळं," शिवकांता म्हणाली. "तुमी चाक बघायला न्हाय शिकवलं अप्पा. तुमी काटा हुडकायला शिकवलं. ह्या पोराला विचारा, आज बाकीच्या तीन चाकांत काय हाय."

युवराज पुढच्या डाव्या चाकापाशी जाऊन बसला. चांगल्या घरचं पोरगं होतं.

स्टेपनी काढायला डिकी उघडली. तिच्यावर रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, एक छत्री आणि अमरनाथचा कालच्या लग्नातला फेटा. खालची स्टेपनी बाहेर काढून सिद्रामप्पानं मीटर लावलं, आकडा बघितला आणि मीटर झटकून पुन्हा लावलं. मीटरची काही चूक नव्हती. हवा निम्मीसुद्धा नव्हती. स्टेपनीत त्यानं कधी काटा लपवला नव्हता, म्हणून डिकी कुणी उघडलीच नव्हती.

"अरे देवा," तो हळूच म्हणाला.

"देवाला कशाला, पंक्चरवाल्याला बोलवा," शिवकांता म्हणाली.

युवराज स्टेपनी मोटारसायकलवर बांधून चौकातल्या पंक्चरवाल्याकडं पळाला आणि हवा भरून आणली. तोवर सिद्रामप्पानं पुढच्या चाकापुढं-मागं दगड लावले, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला. निदान एवढं तरी त्याला अजून येत होतं. चाक बदलून झालं, नट समोरासमोरचे असे आवळत होता, तेवढ्यात अमरनाथ आला.

"काय झालं मामा? पंक्चर?"

सिद्रामप्पा पाना हातात धरून उभा राहिला. काय म्हणावं ह्याची जुळवाजुळव चालली होती. शिवकांतानं आधी तोंड उघडलं.

"जेवण काय होतं हो वाशीला?"

"कुठल्या वाशीला? अं, काल व्हय. चांगलं होतं. का?"

"येताना गाडी कशाला थटली?"

अमरनाथनं उतरवलेल्या टायरकडं बघितलं, फुगवट्याकडं बघितलं, आणि त्याच्या बोलण्याचा आवाज जरा बारीक झाला. "एका खड्ड्यात आदळली होती. डावीकडनं. पण मग काय आवाज-बिवाज न्हाय आला, म्हणून..."

"म्हणून झोपला," शिवकांता म्हणाली. "आणि सकाळी ह्यांनी काटा खोचला, ह्या पोरानं तो काढला, आणि निघाली वरात. कुणीच बघितलं न्हाय. सगळे हुशार."

अमरनाथ मामाकडं बघायला लागला, मामा पान्याकडं. शेवटी मामाच बोलला. "अमरनाथ, तुझं बरोबर हाय. माझ्या खेळात पाच मिनिटं वायाच जात होती. आता ठेवायचं का व्हिडिओ करायचा, तू ठरव."

"थांबा हो," शिवकांता म्हणाली. "आज तुमी मला मोठ्या रस्त्याला गाडी देणार होता. तिथं हे फुटलं असतं, तर उद्यापासनं उमरग्याला भाकरी कुणी पोचवल्या असत्या? आणि थापल्या कुणी असत्या? ह्या पाच मिनिटांनी माझं भलं झालं. लिहून पायजे का?"

अमरनाथनं डोकं खाजवलं. आपणच घातलेली अट, आपल्याच खड्ड्याची साक्ष. सुटायला जागा नव्हती. "ठेवा मग," तो म्हणाला. "व्हिडिओचं राहू द्या."

"पण काटा बंद," शिवकांता म्हणाली.

आता सिद्रामप्पाचं तोंड बघण्यासारखं झालं. भाषण वाचलं, आणि भाषणातली मजा गेली. "एखाद्या दिवशी सुद्धा न्हाय?" त्यानं विचारलं.

"सणासुदीला बघू."

त्या दिवशी पहिली गाडी शिवकांतानं चालवली आणि शेवटपर्यंत तिनंच चालवली. युवराज मागं बसून तिची टाळू बघत होता. त्यानंतरचे सगळे दिवस नंबर पाळीपाळीनं लागले, आणि बघायचं ते चारी चाकं, वर स्टेपनी, मगच बसायचं. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लागली. मग दहा. मग अक्का थापते त्या वेगानं पाच.

शिवकांताचं लायसन झालं. टेम्पो ती स्वतः उमरग्याला न्यायला लागली. राजशेखर शेजारी बसायचा, डब्यांवर हात ठेवून, आणि हसायचा नाही. पुढं तर ऑपरेशनलाही तयार झाला. बायको कशी चालवते ते त्याला नीट बघायचं होतं म्हणे.

नवीन बॅचच्या पहिल्या सकाळी शिवकांता टेम्पो बाजारतळाला लावून उतरली. पैज ती विसरली नव्हती. सिद्रामप्पानं घरनं पाट आणला होता. शरणम्मा पण आली होती; नवरा मांडी घालून गप्प बसलेला तिनं लग्नात बघितला होता, त्यानंतर आज.

नवीन चौघं गाडीभोवती उभे राहिले. शिवकांतानं पदर खोचला.

"म्या काय मास्तर न्हाय," ती म्हणाली. "भाकरी करती. भाकर तव्यावर टाकली की आपण काय करतो? एक कड भाजली म्हणून उतरवत न्हाय. फिरवतो. सगळी कड बघतो, उलटून खालनं पण बघतो. चाकाचं तसंच. एक दोष सापडला म्हणून उठायचं न्हाय. दोष काय एकटाच येतो असं न्हाय. भाकर फुगली की चांगली, टायर एका जागी फुगलं की त्यावर बसायचं न्हाय. बाकीचं हे सांगतील, आकडे ह्यांच्याकडं हायत." तिनं पाटाकडं बोट केलं. "पण आधी ते स्वतः बघून दाखवतील. उठा अप्पा."

सिद्रामप्पा उठला. चार नवीन माणसं, बायको, भाचा, सगळे बघत होते. त्यानं ऐटीत खिशातलं मीटर काढलं आणि पुढच्या डाव्या चाकापाशी बसला. हवा बघितली, थुंकी लावली, खाचा बघितल्या, आतल्या गालावर हात फिरवला. नीट. पुढच्या उजव्या चाकाकडं गेला. वाकला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. खाचेत बाभळीच्या काट्याचं एक टोक, तिरकं खोचलेलं. त्याच्यासारखंच, त्याच्याहून सफाईनं.

"सापडला," तो म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला.

शिवकांता नुसती मागच्या दोन चाकांकडं बघत राहिली. शरणम्मानं, झालं समजून उचललेला पाट पुन्हा खाली ठेवला.

सिद्रामप्पाच्या लक्षात आलं. मिशी थरथरली. मीटर पुसत पुसत तो मागच्या चाकाकडं निघाला, आणि त्याचे गुडघे सगळ्या बाजारतळाला ऐकू गेले.